घुबडाचा सूर, कुत्र्याचा सूर

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये मेंडे नावाची भाषा बोलतात. तीत घुबडाला म्बू म्हणतात आणि कुत्र्याला ङ्गिला. ङ्गिला म्हणताना पहिलं अक्षर उंच सुरात आणि दुसरं खालच्या सुरात येतं. म्बू हे एकच अक्षर आहे, पण ते म्हणताना आवाज उंचावर सुरू होतो आणि त्याच अक्षरात खाली घसरतो.

आता घुबडामागे ‘मा’ हा प्रत्यय लावू. त्याचा अर्थ ‘वर’, म्हणजे म्बूमा म्हणजे ‘घुबडावर’. यात म्बू नुसतं उंच राहतं, आवाज अजिबात घसरत नाही, आणि ‘मा’ खालच्या सुरात येतो. घसरणीचा उत्तरार्ध म्बूवरून निघून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला आहे.

हे समजावून सांगायला ध्वनिशास्त्राला बराच वेळ लागला. शब्द म्हणजे दोऱ्यात ओवलेले मणी, आणि प्रत्येक मण्याचे गुण त्या मण्यातच कोरलेले, अशी कल्पना रूढ होती. ‘ऊ’ हा मणी घेतला तर तो स्वर आहे, ओठ गोल आहेत, जीभ मागे आहे आणि त्याचा सूर घसरता आहे, ही सगळी माहिती एकाच ठिकाणी. मग प्रत्यय लागताच त्या मण्यातून अर्धा सूर सुटून पुढच्या मण्यात कसा गेला? यासाठी दोन वेगळे नियम लिहावे लागत: घसरता सूर प्रत्ययाआधी उंच होतो हा एक, आणि घसरत्या सुरानंतर प्रत्यय खालचा होतो हा दुसरा. हे दोन नियम नेहमी जोडीनेच का लागतात, याचं उत्तर मात्र मिळत नसे.

1976 मध्ये जॉन गोल्डस्मिथ यांनी एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात एक साधी वाटणारी मांडणी केली. सूर आणि अक्षरं वेगवेगळ्या ओळींवर लिहा, आणि कोणता सूर कोणत्या अक्षरावर म्हटला जातो ते रेघ ओढून दाखवा. या ओळींना मी पातळ्या म्हणेन आणि रेघांना जोडरेषा. सुराचा तुकडा आपल्या पातळीवर स्वतंत्र असतो, म्हणून त्याला ऑटोसेगमेंट, म्हणजे स्वायत्त खंड, असं नाव पडलं. त्यावरून या मांडणीला ऑटोसेगमेंटल फोनॉलॉजी म्हणतात.

(मराठीत ‘स्वर’ म्हणजे अ-आ-इ-ई सुद्धा आणि सा-रे-ग-म सुद्धा. गोंधळ नको म्हणून इथे आवाजाच्या उंचीला ‘सूर’ म्हणतो. आकृत्यांत ‘उ’ म्हणजे उंच सूर आणि ‘ख’ म्हणजे खालचा.)

```
सूर       उ     ख         उ   ख
          |     |          \ /
अक्षर    ङ्गि    ला         म्बू
```

वरच्या पातळीवर दोन्ही शब्दांत तोच ऐवज आहे: उंच, मग खालचा. कुत्र्याच्या शब्दात दोन अक्षरं असल्यामुळे एकेकाच्या वाट्याला एकेक सूर आला. घुबडाकडे अक्षर एकच, म्हणून दोन्ही सूर त्याच्याच गळ्यात पडले आणि आपल्याला घसरण ऐकू आली. म्हणजे ‘घसरता सूर’ नावाची वेगळी वस्तूच नाही. ‘मा’ आल्यावर खालच्या सुराला स्वतःची जागा मिळाली आणि तो तिथे गेला. दोन नियमांची गरज संपली.

मेंडेत ‘फेलामा’ असाही एक शब्द आहे, अर्थ ‘रस्ते मिळतात ती जागा’. त्याचे सूर उंच, खालचा, खालचा असे येतात. वरच्या पातळीवर इथेही दोनच सूर आहेत. डावीकडून एकास एक जोडत गेलं की ‘फे’ला उंच आणि ‘ला’ला खालचा मिळतो, ‘मा’ रिकामा राहतो. तेव्हा शेवटचा सूर पसरून त्यालाही आपल्याखाली घेतो.

```
सूर       उ     ख
          |     | \
अक्षर     फे    ला  मा
```

गोल्डस्मिथच्या आधी, 1973 मध्ये, विल लेबन यांनी मेंडेतले शब्द असे तपासले होते. त्यांना दिसलं की शब्द एका अक्षराचा असो, दोनाचा असो की तिनाचा, सुरांच्या चाली मुख्यतः पाचच आहेत: नुसता उंच, नुसता खालचा, उंच-खालचा, खालचा-उंच आणि खालचा-उंच-खालचा. हे किती थोडं आहे ते मोजून पाहता येतं. उंच, खालचा, चढता, घसरता आणि चढून उतरणारा असे पाच सूर प्रत्येक अक्षराला सुटेपणी घेता आले असते, तर तीन अक्षरी शब्दांना 125 नमुने मिळाले असते. शेवटची चाल घेतली तर भुईमुगाचा ‘निकिली’ तीन अक्षरांवर तीन सूर नीट वाटून घेतो. बाईसाठीच्या ‘न्याहा’ या शब्दात पहिलं अक्षर खालचं, आणि उरलेले दोन सूर दुसऱ्या अक्षरावर, म्हणून ते घसरतं. आणि सोबत्याला म्हणतात म्बा, त्यात तिन्ही सूर एकाच अक्षरात, आवाज चढतो आणि उतरतो. तांदूळसुद्धा म्बाच, पण त्यात आवाज नुसता चढतो. ‘मा’ लावल्यावर काय होईल ते आता न ऐकताही सांगता येतं: ‘तांदळावर’ म्हणताना म्बा खालचं आणि मा उंच.

मेंडे इतकी नीटस नाही, हेही सांगायला हवं. प्रार्थनाकीटकाला ‘लेलेमा’ म्हणतात आणि त्याचे सूर खालचा, खालचा, उंच असे आहेत. डावीकडून जोडत गेलो तर खालचा, उंच, उंच यायला हवे होते, जसे गोफणीच्या ‘न्दावूला’ या शब्दात येतात. असे अपवाद बरेच निघाले, आणि काही शब्दांच्या जोडरेषा आधीपासूनच ठरलेल्या असतात असं मानावं लागलं. डावीकडून उजवीकडे जोडणं ही प्रत्येक भाषेची सक्ती नव्हे, हेही पुढे स्पष्ट झालं. टिकून राहिली ती दोन पातळ्यांची कल्पना.

ही कल्पना वाचताना मला गायत्री मंत्राच्या आधीच्या व्याहृती आठवल्या. ऋग्वेदी घरात ‘भूर्भुवः स्वः’ म्हणतात. हिरण्यकेशी मंडळी तैत्तिरीय शाखेची, त्यांच्या पाठात ‘सुवः’ येतं. शब्द एकच आहे. ‘सुवः’ दोन अक्षरांचा आहे, त्यातलं ‘सु’ उदात्त, म्हणजे उंच सुरातलं, आणि ‘वः’ मुळात अनुदात्त, म्हणजे खालच्या सुरातलं. ‘स्वः’मध्ये उ-कार आखडून ‘व्’ झाला, अक्षर एकच उरलं, आणि त्या एका अक्षरावर येतो तो स्वरित. पाणिनी स्वरिताची व्याख्या ‘समाहारः स्वरितः’ अशी करतो, म्हणजे उदात्त आणि अनुदात्त यांचा तो मेळ. पुढच्याच सूत्रात तो मापही देतो: स्वरितातली पहिली अर्धी मात्रा उदात्त. उंच सुराने सुरुवात आणि मग उतार, म्हणजे घुबडाचंच ‘म्बू’. शिवाय उदात्त स्वराच्या जागी य्-व् आले तर पुढचा अनुदात्त स्वरित होतो, असं एक वेगळं सूत्र अष्टाध्यायीत आहे. उ-काराला स्वर म्हणून उरता आलं नाही, पण त्याचा उंच सूर नष्ट न होता पुढच्या स्वरावर गेला, हेच ते सांगतं. (आजच्या ऋग्वेदी पाठात स्वरित सगळ्यात उंच ऐकू येतो. इथे मी पाणिनीच्या वर्णनाबद्दल बोलतो आहे, आज कानावर पडणाऱ्या पाठाबद्दल नाही.)

पाणिनीने जोडरेषा ओढल्या नव्हत्या आणि तसा दावा करायची गरजही नाही. पण स्वर गेला तरी सूर राहतो, ही गोष्ट वेगवेगळ्या खंडांत दिसते. नायजेरियातल्या एत्साको भाषेत घराला ‘ओवा’ म्हणतात, सूर उंच-खालचा. ‘प्रत्येक घर’ म्हणायचं तर शब्द दोनदा म्हणतात: ओवा ओवा. पण दोन स्वर शेजारी आल्यामुळे पहिल्या शब्दाचा शेवटचा ‘आ’ गळतो आणि ‘ओवोवा’ होतं. सूर मात्र चारही शिल्लक राहतात. गळलेल्या ‘आ’चा खालचा सूर मधल्या ‘वो’वर येतो, तिथे आधीच उंच सूर असतो, त्यामुळे ‘वो’ चढत्या सुरात ऐकू येतं. मण्यांच्या कल्पनेत मणी फेकला की त्याचा रंगही गेला पाहिजे. इथे तो उरला आहे.

जोडरेषांवर एकच कडक बंधन आहे. त्या एकमेकींना छेदू शकत नाहीत. हे आकृती सुबक दिसावी म्हणून नाही. जोडरेषेचा अर्थ ‘हे दोन्ही एकाच वेळी’ असा आहे. पहिला सूर दुसऱ्या सुराआधी येतो आणि पहिलं अक्षर दुसऱ्या अक्षराआधी. पहिला सूर दुसऱ्या अक्षराला आणि दुसरा सूर पहिल्या अक्षराला जोडला, तर पहिला सूर एकाच वेळी दुसऱ्याच्या आधीही येईल आणि नंतरही. तोंडाने असं काही म्हणता येत नाही. हे बंधन शेवटी पुन्हा उपयोगी पडेल.

सूर अक्षरावाचून जगू शकतो हे मान्य केलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: ज्याला पहिल्यापासून अक्षरच नाही असा सूर असू शकेल का? असतो. त्याला तरंगता सूर म्हणतात.

नायजेरियातल्याच इग्बो भाषेत जबड्याला ‘आग्बा’ आणि माकडाला ‘एङ्वे’ म्हणतात. दोन्ही शब्दांची सगळी अक्षरं खालच्या सुरात आहेत. ‘माकडाचा जबडा’ म्हणायचं तर हे शब्द एकापुढे एक ठेवतात, पण मध्य इग्बोत ‘आग्बा’चं शेवटचं अक्षर अचानक उंच होतं: खालचा-उंच, खालचा-खालचा. दोन्ही शब्दांत नसलेला हा उंच सूर आला कुठून? तो आपल्या ‘चा-ची-चे’च्या जागी आहे. षष्ठीचा प्रत्ययच तिथे नुसत्या उंच सुराचा आहे. त्याला ना स्वर, ना व्यंजन. शब्दांमध्ये तो अधांतरी असतो आणि म्हटलं जाण्यासाठी शेजाऱ्याकडे जागा मागतो.

```
सूर       ख   ख    उ    ख   ख
          |    \  /     |   |
अक्षर     आ    ग्बा      ए   ङ्वे
```

रेघेने पाहिलं तर ‘ग्बा’ला आता दोन सूर आहेत. त्याची खालच्या सुराशी असलेली जुनी रेषा सुटते आणि उंच सूर तिथे राहतो.

हा अधांतरी सूर खरंच आहे, की केवळ ‘षष्ठीत शेवटचं अक्षर उंच होतं’ असा नियम पुरे? शंका रास्त आहे, कारण तरंगत्या सुराचा गैरवापर सोपा असतो. आकडे जुळले नाहीत की एक अदृश्य सूर घुसडून द्यायचा. इग्बोच्या बाबतीत उत्तर अबो नावाच्या बोलीतून मिळतं. तिथे ‘माकडाचा जबडा’ म्हणताना ‘आग्बा’ जसाच्या तसा खालचा राहतो आणि ‘एङ्वे’चा पहिला ‘ए’ उंच होतो. तोच उंच सूर, पण मध्य इग्बोत तो डावीकडच्या शेजाऱ्याकडे गेला आणि अबोत उजवीकडच्या. सूर दोघांच्या मध्ये होता असं धरलं तर दोन बोलींतला फरक फक्त रेघ कुठल्या बाजूला पडते इतकाच उरतो. ‘शेवटचं अक्षर उंच होतं’ या नियमातून अबोबद्दल काहीच कळत नाही.

मालीतल्या बाम्बारा भाषेत तरंगता सूर याहून लाजाळू आहे. त्याला कधी कधी जागाच मिळत नाही आणि तरीही तो ऐकू येतो. ‘बा’ म्हणजे नदी, उंच सुरात. ‘ते’ हा नकार, तोही उंच. ‘बा ते’ दोन्ही अक्षरं सारख्या उंचीवर म्हटली तर अर्थ होतो ‘ही नदी नाही’. त्यातला ‘ते’ किंचित खाली आला, म्हणजे उंचच, पण पहिल्यापेक्षा एक पायरी खाली, तर अर्थ होतो ‘ही ती नदी नाही’, आपण आधीच ज्या नदीबद्दल बोलत होतो ती. बाम्बारात निश्चित नामाची खूण म्हणजे नामामागे तरंगणारा एक खालचा सूर. या वाक्यात त्याला बसायला अक्षर नाही. पण दोन उंच सुरांमध्ये तो उभा आहे, आणि खालच्या सुरानंतरचा उंच सूर आधीच्या उंचीला पोचत नाही. त्यामुळे त्याचा परिणाम पुढच्या ‘ते’वर उमटतो. हे तपासायला कान तयार लागतो, कारण फरक उंच आणि खालचा असा नसून उंच आणि जरा कमी उंच असा असतो. नवखा माणूस तिथे हटकून ‘खालचा’ असं लिहून मोकळा होतो. उतरलेल्या ‘ते’च्या पुढे उंच अक्षर आलं तर तेही त्याच नव्या पायरीवर राहतं, परत वर चढत नाही. खरा खालचा सूर असता तर त्यानंतरचं उंच अक्षर त्याच्यापेक्षा वर गेलं असतं.

आतापर्यंत सगळं सुरांबद्दल झालं, पण दोन ओळींची ही युक्ती सुरांपुरती राहिली नाही. मराठी लिहिताना आपण अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर ठेवतो, ओळीत नाही. अंगण, पंचमी, अंडं, अंत, आंबा. टिंब तेच, पण तोंडात होणारा उच्चार ङ्, ञ्, ण्, न्, म् असा पाच प्रकारचा. पाच नियम करण्यापेक्षा असं म्हणता येतं: अनुस्वाराचा स्वतःचा ऐवज फक्त नाकातून हवा सोडणं. जीभ किंवा ओठ कुठे टेकवायचे, ही माहिती पुढच्या व्यंजनाची आहे आणि ती डावीकडे पसरून अनुस्वारालाही जोडली जाते. एका जागेला दोन रेषा. म्हणून ‘आंबा’ म्हणताना ओठ एकदाच मिटतात, म्-साठी एकदा आणि ब-साठी पुन्हा असं होत नाही. ‘संसार’ आणि ‘सिंह’ यांत पुढच्या ध्वनीत तोंड पूर्ण बंद होतच नाही, म्हणून उसनी घ्यायला तशी जागा नाही, आणि मराठीत तिथे नाकातला व-कारासारखा उच्चार येतो, ‘सिंव्ह’.

ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यात तेरेना भाषा बोलतात, आणि तिथे तरंगणं आणि पसरणं या दोन्ही गोष्टी एकाच प्रत्ययात सापडतात. 1960 मध्ये जॉन बेंडॉर-सॅम्युएल यांनी तिचं वर्णन छापलं, म्हणजे गोल्डस्मिथच्या बऱ्याच आधी. ते लंडनचे भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांच्या परंपरेतले होते, आणि ध्वनींचे काही गुण मण्यांपेक्षा लांब पट्ट्यांसारखे असतात असं ही मंडळी आधीपासून म्हणत होती. तेरेनात ‘अयो’ म्हणजे त्याचा भाऊ. ‘माझा भाऊ’ म्हणायचं तर अख्खा शब्द नाकातून म्हणतात: अँयँओँ. ‘एमो’उ’ म्हणजे त्याचा शब्द (मधली खूण म्हणजे गळ्यात दिलेला अडसर), ‘माझा शब्द’ होतो एँमोँ’उँ. ‘माझा’चा प्रत्यय म्हणजे नुसता अनुनासिकपणा, स्वतःचं अक्षर नसलेला, इग्बोच्या षष्ठीसारखा. तो शब्दाच्या डाव्या टोकाला येतो आणि तिथून उजवीकडे एकेका ध्वनीला रेषा जोडत जातो.

पण ‘ओवोकू’, त्याचं घर, घेतलं तर ‘माझं घर’ होतं ओँवोँङ्गू. ओ, व, ओ अनुनासिक झाले. मग ‘क’ आला. त्याने अनुनासिकपणा आपल्या सुरुवातीच्या कडेवर घेतला आणि ‘ङ्ग’ झाला. त्यापलीकडचा ‘ऊ’ कोरडाच राहिला. क-त-प सारखे ध्वनी उच्चारताना तोंड बंद असतं आणि हवा नाकातून जात नाही. त्याच पातळीवर त्यांना आधीच ‘नाकातून नाही’ अशी खूण जोडलेली आहे असं धरलं, तर पलीकडच्या ऊ-ला पोचायला अनुनासिकाच्या रेषेला त्या खुणेची रेषा छेदावी लागेल, आणि ते चालत नाही. गळ्यातला अडसर मात्र तोंडात कुठेच काही बंद करत नाही, त्यामुळे ‘एमो’उ’मध्ये अनुनासिक त्याच्यावरून सहज पुढे गेलं. य आणि व सुद्धा आडकाठी करत नाहीत.

आता ‘पिहो’ घ्या, ‘तो गेला’. क्रियापदात ‘मी’ दाखवायलाही हाच अनुनासिकपणा लागतो. इथे अडवणारा ध्वनी पहिल्याच जागेवर बसला आहे. अनुनासिकाला पसरायला वाव नाही, पण त्याला कुठेतरी जोडलं तर जायलाच हवं, नाहीतर ‘मी’ ऐकूच येणार नाही. तो ‘प’च्या सुरुवातीच्या कडेला चिकटतो, ‘इ’ आणि ‘ओ’ जसेच्या तसे राहतात, आणि ‘मी गेलो’ होतं म्बिहो.